गद्य आणि हायकू यांच्यामधली जागा

1689 सालच्या उन्हाळ्यात मात्सुओ बाशो हा कवी जपानच्या उत्तर भागात, मोगामी नदीकाठच्या ओइशिदा गावी पोचला. सोबत त्याचा शिष्य सोरा होता. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, सोडून त्यांना दोन महिने होत आले होते आणि पावसाचे दिवस होते. गावातल्या इचिएई नावाच्या रसिकाच्या घरी मैफल जमली. चौघांनी मिळून 36 कडव्यांची साखळी रचायची आणि सुरुवातीचं कडवं पाहुण्यानं म्हणायचं, असा रिवाज होता. बाशोनं आपल्या कडव्यात पावसाचं पाणी गोळा करत जाणारी मोगामी आणली आणि तिला 'गार' म्हटलं. उन्हाळ्यात कुणाच्या घरी जाऊन 'तुमच्याकडे किती गार वाटतं' म्हणावं, तसं ते यजमानाचं कौतुक होतं. नदी अंगणापलीकडून वाहत होती आणि कवी घरात बसला होता.

पुढे दोघं त्याच नदीतून होडीनं खाली गेले. पाणी चढलेलं होतं. या प्रवासावरचं पुस्तक, 'ओकु नो होसोमिचि', बाशो नंतरची काही वर्षं घासत-पुसत राहिला आणि ते छापलं गेलं त्याच्या मृत्यूनंतर, 1702 मध्ये. त्यात मोगामीवरचा परिच्छेद आहे: नदी कुठून येते, धोक्याच्या जागा कुठल्या, दोन्ही बाजूंनी डोंगर कसे अंगावर आलेले, झाडीतून होडी कशी खाली सोडली. शेवटी तेच कडवं आहे, फक्त 'गार' काढून तिथे 'वेगवान' घातलेलं आहे.

पहिलं कडवं चुकलं होतं असं नाही. इचिएईच्या घरी ते अगदी बरोबर होतं. पण आता त्याच्या आधी घर नव्हतं, होडी होती. गद्याची जागा बदलली, म्हणून कवितेतला एक शब्द बदलला. हायबुन लिहायला बसणाऱ्यानं मला काही विचारलं, तर मी त्याला आधी ही गोष्ट सांगते, कारण या प्रकाराचं सगळं अवघडपण तिच्यात आलेलं आहे.

हायबुन म्हणजे छोटं गद्य आणि त्याच्या शेवटी, कधी मध्येही, एक हायकू. विषय बहुधा किरकोळच असतो: एखादा निवांत दिवस, एखादी छोटी फेरी, भाड्याची खोली, आजारी शेजारी. आकाराला पक्का नियम नाही. चार ओळींचं हायबुन असतं, तसंच बाशोनं 1690 च्या उन्हाळ्यात बिवा सरोवराजवळच्या टेकडीवरल्या झोपडीबद्दल लिहिलेलं 'गेंजुआन नो कि' चांगलं लांबलचक आहे. नव्यानं लिहिणाऱ्यानं दीडशे शब्दांच्या आसपास राहावं, असं माझं मत. त्याहून लांब गेलं की मराठी लेखणी ललित लेखाकडे वळते आणि ललित लेखाला शेवटी काहीतरी सांगून टाकायची फार घाई असते.

खरा प्रश्न गद्य कसं लिहावं हा नाही आणि हायकू कसा लिहावा हाही नाही. दोघांमध्ये अंतर किती ठेवावं, हा आहे. बाशोच्या मंडळींपुढे तो रोजच असे, कारण साखळी-कवितेत प्रत्येक कडवं आधीच्या कडव्याला जोडावं लागायचं. जोडायच्या रीतींना त्यांनी नावंही ठेवली होती. शब्दाला शब्द जोडायचा, म्हणजे आधी नदी आली की नंतर होडी, ही सगळ्यांत जुनी रीत. अर्थाला अर्थ जोडायचा, म्हणजे आधीच्या कडव्यातला प्रसंग पुढे न्यायचा, ही दुसरी. बाशोला सगळ्यांत आवडायची ती तिसरी, 'निओइ', म्हणजे गंधानं जोडणं. इथे दोन कडव्यांत सामायिक वस्तू नसते, घटना पुढे सरकत नाही, तरी एकाचा भाव दुसऱ्याला लागलेला असतो. हायबुनमध्ये गद्यानंतर हायकू याच तिसऱ्या रीतीनं आला तर उत्तम. 'गेंजुआन नो कि' मध्ये बाशो शेवटाकडे आपल्या आयुष्याचा हिशोब मांडतो: कधी चाकरीची हाव धरली, कधी संन्यास घेण्याचं मनात आलं, आणि अखेर कवितेलाच बांधला गेलो. एवढं सांगितल्यावर हायकूत तो स्वतःबद्दल निष्कर्ष काढत नाही. झोपडीजवळचं एक झाड दाखवतो आणि लेखन संपतं.

आता प्रत्यक्ष लिहून बघू. गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याहून वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला फेरीबोट जाते. बोटीत टेम्पो, दुचाक्या, माणसं सगळं मावतं. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. जूनच्या सुरुवातीची दुपार, काही काम नसताना जाऊन यायचं, एवढाच प्रवास. हायबुनला एवढा पुरतो.

पहिला खर्डा बहुतेकांचा जसा येतो तसा धरू. त्यात दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर होतं, हे येतं. खाडी आरशासारखी शांत होती, हे येतं. एक आजी भेटल्या, त्यांनी आपुलकीनं चौकशी केली, हे येतं. आणि शेवटी, या छोट्याशा प्रवासानं मनाला अपूर्व शांतता दिली, आयुष्यही अशा एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाणंच नाही का, हे येतंच येतं.

शेवटचं वाक्य आधी काढायचं. त्यानं हायकूसाठी काही शिल्लकच ठेवलेलं नाही. 'अपूर्व शांतता' हेही जातं, कारण शांतता वाचकाला वाटली पाहिजे. 'वाटली' असं लेखकानं सांगून ती वाटत नाही. आरसा जातो; जूनमध्ये खाडीचं पाणी गढूळ असतं, त्यात कुणाचं तोंड दिसायचं नाही. 'आपुलकीनं' हे क्रियाविशेषण जातं आणि त्याजागी आजी प्रत्यक्ष काय बोलल्या ते येतं. बंदराच्या इतिहासाबद्दल थोडा विचार करावा लागतो. बाशो इतिहास आणतो. हिराइझुमीला तर तो गवत वाढलेल्या रणभूमीवर बसून रडतो. पण तिथे इतिहास त्या क्षणातच होता, तो त्याच्यासाठीच तिथवर गेला होता. फेरीबोटीची वाट पाहणाऱ्याच्या डोक्यात आदिलशाही नसेल, तर ती नंतर वाचून घातलेली आहे, हे लगेच कळतं. ती काढली.

उरलं काय? धक्का, वाट पाहणं, आजी, एक प्रश्न, बोट, परत येणं. हे वर्तमानकाळात लिहायचं. 'मी' कमीत कमी ठेवायचा. मराठीत क्रियापदच कर्त्याचा पत्ता सांगतं, त्यामुळे ही सोय आपल्याला आयती आहे. काही वाक्यांना क्रियापदच नसलं तरी चालतं, मात्र सगळीच तशी केली तर वाण्याच्या यादीसारखं वाचलं जातं. पुन्हा लिहिलेलं गद्य असं:

धोपाव्याचा धक्का. बोट पलीकडे, दाभोळला. चहावाला म्हणतो, बसा, येईल. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. बाकावर एक आजी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीला सुक्या बांगड्याचा वास. लेकीकडे चालली आहे, दापोलीला.

"तू कुणाकडे?"

कुणाकडे नाही, नुसती जाऊन येणार. ती थोडा वेळ माझ्याकडे बघते. मग पिशवी दुसऱ्या मांडीवर घेते.

बोट लागते. फळका काँक्रीटवर आपटतो. आधी टेम्पो, मग दुचाक्या, मग आम्ही. दाभोळला ती उतरते, मागे न बघता. मी कठड्याशीच उभी. तिकीटवाला पुन्हा येतो, पुन्हा हात पुढे करतो.

आता हायकू. सहज सुचणारा पहिला असा:

फेरीबोटीत
म्हातारी विचारते
जाणार कुठे

अक्षरं पाच, सात, पाच. मोजणी चोख आणि हायकू निकामी. गद्यात जे घडून गेलं तेच पुन्हा सांगितलं आहे. याची परीक्षा सोपी आहे: हायकूच्या तीन ओळी एका ओळीत लिहून गद्यात टाकून पाहाव्यात. त्या तिथे निमूटपणे बसल्या, पुढचं वाक्य म्हणून खपून गेल्या, तर तो हायकू नव्हता, गद्याचाच तुकडा होता. हायबुन फसतं ते दहांत आठ वेळा असं. लेखकाला भीती वाटते की वाचकाच्या हातून धागा सुटेल, म्हणून तो त्याला आणखी एकदा सगळं दाखवतो.

ही चूक कळली की माणूस उलट्या टोकाला जातो:

थंड चांदणे
रिकाम्या देवळात
घंटा एकटी

इथेही मोजणी बरोबर आहे आणि चित्रही दिसतं. पण हे चांदणं थंडीतलं, देऊळ कुठलं कोण जाणे, आणि धोपाव्याच्या दुपारशी त्याचं काही नातं नाही. गंध लागायला आधी दोन गोष्टी एका हवेत असाव्या लागतात. शिवाय 'एकटी' या शब्दानं घात केला आहे. तो घंटेबद्दल नाही, लेखिकेबद्दल आहे. घंटेच्या आडून तिनं आपल्या मनातलं सांगून घेतलं. या हायकूचीही परीक्षा घेता येते: तो दुसऱ्या कुठल्याही निवांत गद्याखाली लावून पाहावा. एखाद्या इस्पितळाच्या वर्णनाखाली, एखाद्या शाळेच्या सुट्टीखाली. सगळीकडे सारखाच शोभत असेल, तर तो इथला नाही.

म्हणजे हायकू या गद्याच्या बाहेर हवा, पण त्याच दिवसात हवा. गद्य परत वाचलं की दिसतं, त्यात वजन आहे ते आजीच्या प्रश्नाला. या किनाऱ्यावर माणूस कुणाकडे तरी जातो. कुणाकडेच न जाणारी बाई आजीच्या हिशोबात बसत नाही, म्हणून ती पिशवी सावरते. हे गद्यात कुठेही म्हटलेलं नाही आणि म्हणायचंही नाही. हायकूला त्याच जागेजवळून जायचं आहे, माणसांचं नाव न घेता. जूनच्या सुरुवातीला खाडीकाठी काय चालू असतं? पहिल्या सरी आलेल्या असतात. सुगरण पक्षी माडाच्या झावळ्यांना खोपे विणत असतात. नर खोपा अर्ध्यावर आणून थांबतो, माद्या येऊन तो पाहतात, एखादीला पसंत पडला तरच पुढचं काम होतं. पसंत न पडलेले खोपे तसेच लोंबत राहतात.

मृगाची सर —
माडाला टांगलेला
अर्धाच खोपा

यात बोट नाही, आजी नाही, प्रश्न नाही. तरी 'कुणाकडे?' हा प्रश्न अर्ध्या खोप्याला लागून जातो. लागला नाही तरी बिघडत नाही. ज्या वाचकाला सुगरणीची ही रीत माहीत नाही, त्यालाही पावसात लोंबणारा खोपा दिसतोच. हायकू गद्याशिवाय उभा राहतो आणि गद्य हायकूशिवाय वाचता येतं, फक्त ते जरा अधांतरी संपल्यासारखं वाटतं. तसंच वाटायला हवं.

तिकीटवाला हात पुढे करतो, तिथे गद्य का थांबवलं, हेही सांगायला हवं. आधीच्या खर्ड्यात त्यानंतर परतीचा प्रवास होता, धोपाव्याला उतरणं होतं, चहावाल्याचं हसणं होतं. पण उतरल्यावर सगळं मिटतं. गद्य मिटलं की हायकूला आत शिरायला फट राहत नाही. गद्याचं शेवटचं वाक्य एखाद्या क्रियेच्या मध्यावर सोडावं: हात पुढे झालेला, पैसे अजून दिलेले नाहीत. मग हायकू दुसरीकडे उडी मारतो तेव्हा वाचकही सोबत जातो.

आता हायकूच्या आतली थोडी यंत्रणा. 'मृगाची सर' या पहिल्या ओळीनं ऋतू सांगितला. जपानी कवींकडे यासाठी ऋतुशब्दांचे कोश असतात, त्यात बेडूक वसंताचा, काजवे उन्हाळ्याचे, आणि नुसता 'चंद्र' म्हटलं की तो शरदाचा. आपल्याकडे असा कोश नसला तरी शेतकऱ्याची नक्षत्रं आहेत. मृग म्हटलं की जूनचा पहिला पंधरवडा, पेरणीची धांदल, उकाडा आणि मातीचा वास हे सगळं दोन-तीन अक्षरांत येतं. आर्द्रा, हस्त, स्वाती यांचंही तसंच. जपानी ऋतुशब्दांची यादी मराठी हायकूत आणून चेरीचा बहर कोकणात फुलवायचं काही कारण नाही.

पहिल्या ओळीनंतरची आडवी रेघ म्हणजे कापणं. जपानीत त्यासाठी ठरावीक छोटे शब्द आहेत, मराठीत नाहीत. आपलं वाक्य क्रियापदाशी संपतं, म्हणून कच्चा मराठी हायकू बहुधा एकच सरळ वाक्य असतं, तीन ठिकाणी मोडलेलं. वरचा म्हातारीचा हायकू तसाच आहे. तो एका दमात वाचून बघावा. कुठेही थांबावंसं वाटत नाही. याउलट 'मृगाची सर' नंतर थांबावंच लागतं, कारण सर आणि खोपा यांना जोडणारं क्रियापदच नाही. मी शक्यतो क्रियापद टाळते आणि शेवट नामावर करते. हा नियम नाही, पण मराठीत त्यानं काम सोपं होतं.

मोजणीबद्दल मी फार हट्ट धरत नाही. वरचा हायकू पाच-सात-पाच बसला तो बसला. जपानी 17 मात्रा आणि मराठी 17 अक्षरं ही सारखी मापं नव्हेत. 'तोक्यो' आपल्या कानाला दोन अक्षरं आहेत, जपानी मोजणीत ते चार होतात, कारण तिथे लांबवलेला स्वर दोनदा मोजतात. म्हणजे 17 अक्षरांत मराठी माणूस जपानी कवीपेक्षा जास्त सामान भरतो, आणि जास्त सामान हा हायकूचा शत्रू. बारा-तेरा अक्षरांत होत असेल तर पाच-सात-पाचसाठी 'हा', 'तो', 'आज' असली भरती करू नये. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, आणि त्यांच्यामागून लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना यमकाची ओढ लागली. सुट्या हायकूत ते यमक गोड वाटतंही. हायबुनमध्ये मात्र गद्यानंतर यमक आलं की टाळ्यांसाठी थांबल्यासारखं होतं. मी ते वगळते.

एक शंका हमखास येते: खोपा त्याच दुपारी दिसला का? आजी खरंच तसं बोलली का? बाशोच्या पुस्तकाला अडीचशेक वर्षं लोक जवळजवळ प्रवासाची नोंद समजून वाचत आले. 1943 मध्ये सोरानं वाटेत ठेवलेली रोजनिशी छापली गेली आणि ताळा जमेना. काही तारखा जुळत नाहीत, काही घटनांचा क्रम वेगळा आहे. इचिबुरीच्या सराईत शेजारच्या खोलीत दोन वेश्या उतरल्या होत्या, हा पुस्तकातला गाजलेला प्रसंग सोराच्या वहीत नाहीच. बाशोनं रचना केली होती. मात्सुशिमाच्या बेटांपाशी, ज्यांच्यासाठी तो मुद्दाम निघाला होता, तिथे पुस्तकात त्याचा स्वतःचा एकही हायकू नाही. झोप आली नाही एवढं तो सांगतो आणि सोराचा हायकू देतो. हीसुद्धा रचनाच, आणि फार धाडसी. तेव्हा खोपा आदल्या दिवशी दिसला असेल तर तो आजच्या दुपारी आणायला हरकत नाही. मात्र तो जूनमध्येच दिसलेला हवा आणि त्या किनाऱ्यावर असणारा हवा. दिवस हलवता येतो, ऋतू हलवता येत नाही.

राहिलं शीर्षक. गद्य आणि हायकू यांच्याबरोबर ते तिसरं अंग आहे आणि नवशिके ते वाया घालवतात. 'दाभोळची फेरी' असं शीर्षक दिलं तर पहिल्या ओळीतच जे कळणार आहे तेच ते सांगतं. 'घर' दिलं तर हायकूचं उत्तर फोडून ठेवतं. या लेखनाला मी 'अगोट' असं नाव दिलं. पावसाळा लागण्याआधी घरात भरून ठेवायच्या बेगमीला कोकणात हा शब्द आहे. त्यानं पिशवीतला सुका बांगडा, ताडपत्रीखालच्या होड्या आणि विणायला घेतलेला खोपा हे सगळं एका दिवसाखाली येतं, आणि ज्या बाईनं कसलीच बेगमी केलेली नाही तीही त्यातच येते. शीर्षक ठरलं तेव्हा गद्यात आधी असलेलं एक वाक्य, 'पावसाळा तोंडावर आला आहे', फालतू झालं. ते खोडलं.